उष्णतेच्या धड्यावर मुलांची प्रश्नपत्रिका: प्रकल्प नोंदी

१३ डिसेंबर, शनिवार

विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे नागपुरातले निम्मे रस्ते बंद, तरी संध्याकाळी महालातल्या आमच्या अभ्यासिकेत दहावीची सगळी मुलं आली. नोंदीत नावं घालायची नाहीत असं ठरलंय, म्हणून ज्याला त्याला वस्तीच्या नावाने लिहिते: इतवारीची, मानेवाड्याचा, नंदनवनची, गोधणीचा.

काम असं आहे. विज्ञान भाग १ मधला पाचवा धडा, ‘उष्णता’. प्रत्येकाने या धड्यावर स्वतःची छोटी प्रश्नपत्रिका काढायची. बोर्डाचा ४० गुणांचा साचा मुलांना पाठच आहे: पर्यायी प्रश्न, शास्त्रीय कारणं, तीन गुणांची उत्तरं आणि शेवटी पाच गुणांचा एक. त्यातलाच तुकडा घ्यायचा, पंधरा गुणांचा. पुस्तक उघडं ठेवायला हरकत नाही. अट एवढीच की प्रश्न लिहिला की त्याखाली आदर्श उत्तर आणि गुणांची वाटणी लिहायची, त्यानंतरच पुढचा प्रश्न. प्रश्न काढणं सोपं आहे. उत्तर लिहायला बसलं की आपल्याला काय येत नाही ते कळतं.

स्वाध्यायातले प्रश्न शब्द फिरवून चालणार नाहीत, हे सांगितल्यावर मानेवाड्याच्याने लगेच पेन खाली ठेवलं. “मग काय लिहू मॅडम? सगळे तर तेच विचारतात.”

१४ डिसेंबर, रविवार

काल रात्री सगळ्यांचे कागद वाचले. बहुतेक प्रश्नांचा शेवट ‘म्हणजे काय?’ असा. अप्रकट उष्मा म्हणजे काय, पुनर्हिमायन म्हणजे काय, दवबिंदू तापमान म्हणजे काय, सापेक्ष आर्द्रता म्हणजे काय. असे प्रश्न बोर्डात येतात, त्यामुळे त्यांना नावं ठेवत नाही. पण हे प्रश्न आले कुठून, ते पाहण्यासाठी पुस्तक समोर घेतलं आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ज्या ओळीत आहे त्या ओळीवर पेन्सिलीने टिंब दिलं. जवळजवळ सगळी टिंबं ठळक अक्षरांच्या आजूबाजूला पडली. मुलांनी धडा वाचून प्रश्न काढलेच नव्हते, ठळक छपाई वाचून काढले होते.

दुसरी गोष्ट त्याहून बोलकी. बर्फाला सतत उष्णता देत गेलं तर तापमान कसं बदलतं, त्याचा आलेख धड्यात आहे. त्यावर एकाही कागदात प्रश्न नव्हता, कारण आलेखात ठळक शब्द नसतो. माझ्या मते हा सगळा धडा त्या आलेखावर उभा आहे. तो आडवा का होतो, म्हणजे उष्णता देत असूनही तापमान काही वेळ का वाढत नाही, हे ज्याला कळलं, त्याला अप्रकट उष्म्याची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आज संध्याकाळी वर्गात फक्त आलेखावर बोललो. म्हटलं, या चित्रावर असा प्रश्न काढा ज्याचं उत्तर पुस्तकात कुठल्याही एका ओळीत सापडणार नाही. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग नंदनवनची म्हणाली, “आडव्या रेषा दोन आहेत ना? दुसरी जास्त लांब का, हे विचारू?”

विचार म्हटलं, पण आधी उत्तर लिही. तिने आकडे धड्यातूनच उचलले. एक ग्रॅम बर्फ ० अंशावर वितळायला ८० कॅलरी, त्या पाण्याला ० वरून १०० अंशावर न्यायला १०० कॅलरी, आणि त्याची पूर्ण वाफ व्हायला ५४० कॅलरी. ज्योत तीच आणि उष्णता बाहेर जात नाही असं धरलं, तर लागणारा वेळ याच प्रमाणात: वितळायला ८ मिनिटं लागली तर तापायला १० आणि उकळून संपायला ५४. गोधणीच्याने हे ऐकून पुस्तकातला आलेख पुन्हा पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, हा तर प्रमाणात काढलेलाच नाही.” हे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय कुणालाही हे दिसलं नसतं.

तीन गुणांचा प्रश्न झाला: ‘एकाच ज्योतीवर बर्फ वितळायला ८ मिनिटं लागली, तर तेवढ्याच पाण्याची १०० अंशावर पूर्ण वाफ व्हायला किती वेळ लागेल? कोणती गोष्ट गृहीत धरलीत?’ शेवटचं वाक्य इतवारीचीने जोडलं. एक गुण त्यालाच ठेवला.

२० डिसेंबर, शनिवार

आज गणितांचा दिवस. मुलांना वाटतं गणित काढणं सगळ्यात सोपं, पुस्तकातल्या उदाहरणातले आकडे बदलले की झालं. मी बदलू दिले.

मानेवाड्याच्याने लिहिलं: ‘२० अंश सेल्सिअसच्या २०० ग्रॅम पाण्यात ० अंशाचा १०० ग्रॅम बर्फ टाकला. मिश्रणाचं अंतिम तापमान काढा.’ प्रश्न ठीकच वाटतो. मग तो उत्तर लिहायला बसला. उष्णतेच्या देवाणघेवाणीचं तत्त्व: गरम वस्तूने गमावलेली उष्णता = थंड वस्तूने कमावलेली उष्णता. पाणी गमावणार २०० × १ × (२० − T). बर्फ आधी वितळायला १०० × ८० = ८००० कॅलरी घेणार आणि मग त्याचं झालेलं पाणी T पर्यंत तापायला १०० × १ × T. समीकरण असं:

४००० − २०० T = ८००० + १०० T

म्हणजे T = −१३.३ अंश.

त्याने दोनदा तपासलं, मग वही शेजारच्याकडे सरकवली. बेरीज-वजाबाकीत चूक नव्हती. “२० अंशाच्या पाण्यात ० अंशाचा बर्फ टाकला, तर उणे तेरा कुठून येईल बे?” हे गोधणीच्याने विचारलं आणि सगळे त्या वहीभोवती जमले.

मी उत्तर सांगितलं नाही, फक्त विचारलं: पाण्याकडे द्यायला एकूण उष्णता किती आहे? ते २० वरून ० पर्यंत उतरलं तर २०० × १ × २० = ४००० कॅलरी. आणि सगळा बर्फ वितळवायला हवी किती? ८०००. पाण्याकडे तेवढी नाहीच. त्यामुळे निम्माच बर्फ, ५० ग्रॅम, वितळेल. भांड्यात २५० ग्रॅम पाणी आणि ५० ग्रॅम बर्फ, दोन्ही ० अंशावर. अंतिम तापमान शून्य, आणि समीकरण सोडवायची गरजच नाही.

समीकरणात चूक नव्हती, पण त्यात एक गोष्ट न बोलता धरलेली होती: सगळा बर्फ वितळतो. पुस्तकातलं उदाहरण सोडवताना हे कधी लक्षात येत नाही, कारण तिथले आकडे असे निवडलेले असतात की ते गृहीतक खरंच ठरतं. स्वतः आकडे निवडले की ते उघडं पडतं. मला या कामातून जे हवं होतं ते हेच. कुणी सोडवून दिलेली दहा उदाहरणं पाहून हे कळत नाही.

घरी जाताना मानेवाड्याचा म्हणाला, “मग माझा प्रश्न चुकीचा का?” म्हटलं, प्रश्न बरोबर आहे. उत्तराची पहिली पायरी राहिली होती.

२१ डिसेंबर, रविवार

कालचंच पुढे. आज त्याच प्रश्नाची तीन रूपं फळ्यावर. २०० ग्रॅम पाणी सगळ्यांत तेवढंच.

पहिलं, ६० अंशाच्या पाण्यात ५० ग्रॅम बर्फ. पाण्याकडे १२००० कॅलरी, बर्फाला वितळायला ४०००. सगळा वितळतो, उरलेले ८००० कॅलरी २५० ग्रॅम पाण्यात वाटले जातात आणि T = ३२ अंश. दुसरं, २० अंशाच्या पाण्यात ५० ग्रॅम बर्फ. ४००० आणि ४०००, बरोबर काठावर: सगळा वितळतो आणि तापमान शून्य. तिसरं कालचं.

इतवारीचीने काठाचा नियम स्वतःच काढला: पाण्याचं वस्तुमान गुणिले तापमान, भागिले ८०, एवढ्या ग्रॅमपर्यंतचा बर्फ वितळेल. तिने लगेच तो चौकटीत टाकला. मी चौकट पुसायला लावली. हा नियम पाठ झाला तर पुन्हा तेच घडेल, कारण बर्फ उणे तापमानावर असला की तो लागू नाही. घरचा बर्फ फ्रीझरमधून येतो, ० अंशाचा नसतो. फ्रीझर −१८ अंशावर असेल तर ५० ग्रॅम बर्फाला आधी ० वर यायलाच सुमारे ५० × ०.५ × १८ = ४५० कॅलरी लागतात. म्हणून प्रश्नात ‘० अंशाचा बर्फ’ असं लिहिलेलं असतं. ते दोन शब्द मुलं वाचतात आणि सोडून देतात, आज त्यांचं काम कळलं.

गुणांची वाटणी ठरवताना वाद झाला. बोर्डाच्या सवयीने सूत्राला एक, किमती टाकायला एक, उत्तराला एक. नंदनवनची म्हणाली, सूत्राला गुण कशाला? सूत्र सगळ्यांनाच येतं. एक गुण ‘पाण्याकडे पुरेशी उष्णता आहे का’ हे तपासायला द्या. तसंच ठरलं. गुण कुठे द्यायचे यावर भांडताना मुलं न ठरवताच धड्यातलं महत्त्वाचं काय यावर बोलत होती. नुसतं ‘धड्यात महत्त्वाचं काय?’ असं विचारलं असतं तर सगळ्यांनी ‘सगळंच’ म्हटलं असतं.

२७ डिसेंबर, शनिवार

पर्यायी प्रश्न. इथे मुलांना बरोबर उत्तर लिहायला काही वाटत नाही, चुकीची तीन लिहिताना दमतात.

गोधणीच्याचा प्रश्न: ‘१०० अंशाच्या पाण्यापेक्षा १०० अंशाच्या वाफेने जास्त का भाजतं?’ पहिल्या मसुद्यात चुकीचे पर्याय होते ‘वाफ पांढरी असते’ आणि ‘वाफ वर जाते’. असे पर्याय धडा न वाचलेलाही खोडतो. मग प्रश्न काहीच मोजत नाही. शिवाय बरोबर पर्याय दोन ओळींचा आणि बाकीचे तीन-तीन शब्दांचे. लांब उत्तर बरोबर असतं हे मुलांना माहीत असतं, तेवढ्यावर गुण मिळतो.

म्हणून गृहपाठ दिला होता: घरी, शेजारी, नववीच्या मुलांना हा प्रश्न विचारा आणि जे चुकीचं उत्तर मिळेल ते जसंच्या तसं लिहून आणा. आज ती उत्तरं आली. इतवारीचीची आजी म्हणाली, “वाफ पाण्याहून जास्त तापलेली असते ना गं.” कुणाच्या भावाने सांगितलं, वाफेत उष्णता धरून ठेवायची ताकद जास्त असते. ही उत्तरं मनापासूनची आहेत, म्हणून पर्याय म्हणून कामाची. आजीचं उत्तर प्रश्नातल्या ‘१०० अंशाची वाफ’ या शब्दांनीच खोटं ठरतं, म्हणजे प्रश्न नीट वाचला का ते त्यातून दिसतं. भावाच्या उत्तरात विशिष्ट उष्माधारकता आणि अप्रकट उष्मा यांची गल्लत आहे. वाफेची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या निम्म्याच्या आसपास आहे, म्हणजे उलटंच.

उत्तरात आकडे टाका म्हटलं. त्वचा ३७ अंशाची धरू. एक ग्रॅम उकळतं पाणी तिथवर थंड होताना ६३ कॅलरी देतं. एक ग्रॅम वाफ आधी पाणी होताना ५४० देते, मग ते पाणी आणखी ६३, एकूण ६०३. साडेनऊ पट. ‘वाफेत अप्रकट उष्मा असतो’ असं वाक्य वर्षभर लिहिणाऱ्या मुलांनी हा गुणोत्तराचा आकडा पाहून एकमेकांकडे पाहिलं.

एका कागदावर एक फार चांगला पर्याय होता, तो राखून ठेवला आहे. प्रश्न: बर्फ वितळताना दिलेली उष्णता कुठे जाते? चुकीचा पर्याय: रेणूंची गतिज ऊर्जा वाढवण्यात. हा पर्याय खोडायला तापमान आणि गतिज ऊर्जा यांचं नातं माहीत असावं लागतं. तापमान वाढत नसेल तर रेणूंची सरासरी गतिज ऊर्जाही वाढत नाही, उष्णता त्यांच्यातले बंध सैल करण्यात जाते.

३ जानेवारी, शनिवार

आजची अट: असा प्रश्न की ज्याच्या उत्तराला धड्यातले दोन वेगळे भाग लागतील. अ‍ॅलिसन किंग या अमेरिकी संशोधिकेने १९९० च्या आसपास विद्यार्थ्यांना प्रश्नांचे अर्धवट साचे देऊन शिकवण्याची पद्धत वापरली होती: ‘अमुकऐवजी तमुक असतं तर काय झालं असतं?’, ‘या दोघांत सारखं काय?’ अशा धर्तीचे. मी असे दोनच साचे फळ्यावर लिहिले. जास्त दिले तर मुलं रिकाम्या जागा भरत बसतात.

नागपूरकराच्या डोक्यात उष्णता म्हटलं की कूलर. मानेवाड्याच्याच्या घरी मार्च लागला की खसच्या ताट्या बदलायचं काम त्याच्याकडे. त्याने लिहिलं: ‘मे महिन्यात कूलरने खोली गार होते, जुलैत तोच कूलर लावला तर चिकचिक होते. का?’ पहिलं उत्तर एका ओळीचं: ‘जुलैत आर्द्रता जास्त असते म्हणून.’ बरोबर आहे, पण अर्धं. आर्द्रता जास्त असली तर गार का होत नाही? ते सांगायला अप्रकट उष्मा हवा. ताटीवरचं पाणी बाष्प होताना हवेतूनच उष्णता घेतं, म्हणून हवा गार होते. बाष्पीभवन मंदावलं की गारवाही मंदावतो. दोन भाग इथे जुळले. धड्यात ते बरीच पानं दूर आहेत.

मग आकडे. एक घनमीटर हवेत ४० अंशाला जास्तीत जास्त ५१ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं, ३० अंशाला ३० ग्रॅमच्या आसपास. मेची दुपार ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के धरली, तर हवेत आहेत १० ग्रॅम, जागा आहे आणखी ४१ ग्रॅमची. जुलै ३० अंश आणि ८० टक्के: आहेत २४, जागा फक्त ६. मुलांनी ४१ ग्रॅम गुणिले ५४० करून प्रचंड आकडा काढला. त्यात दोन गोष्टी दुरुस्त केल्या. एक, हवा गार होत जाते तशी तिची बाष्प धरायची क्षमता घटते, त्यामुळे ती ४१ ग्रॅम कधीच घेत नाही, त्याआधीच संपृक्त होते. दुसरं, ५४० हा आकडा १०० अंशावर उकळतानाचा आहे. साध्या तापमानाला बाष्पीभवनाला जास्त लागतात, ३० अंशाला सुमारे ५८० कॅलरी. पुस्तकात ते नाही आणि परीक्षेत लागणार नाही. पण मुलगा ५४० टाकून मोकळा होतो तेव्हा त्या आकड्याशेजारी ‘१०० अंशावर’ असं लिहिलेलं असतं, ते त्याने वाचलेलं नसतं.

याच आकड्यांवरून नंदनवनचीने आणखी एक काढला, आणि तो मला कूलरच्या प्रश्नाहून आवडला: ‘१८ अंशाची पाण्याची बाटली वरच्या दोन्ही दिवशी बाहेर ठेवली. कोणत्या दिवशी तिच्यावर थेंब जमतील?’ मेच्या त्या हवेचा दवबिंदू साधारण १३ अंश, जुलैच्या हवेचा २६ च्या आसपास. बाटली १८ ची, म्हणजे मे महिन्यात कोरडी, जुलैत घामाघूम. दवबिंदूची व्याख्या तिच्या पहिल्या कागदावर प्रश्न म्हणून होतीच. आता व्याख्या विचारायची गरज उरली नाही, ती आल्याशिवाय हा प्रश्न सुटतच नाही.

गोधणीचा बराच वेळ गप्प होता. त्याचं म्हणणं, असले प्रश्न बोर्डात येत नाहीत, मग वेळ का घालवायचा? रास्त शंका आहे. मी त्याला त्याच्याच पहिल्या कागदावरचे ‘म्हणजे काय’ तोंडी विचारले, पुस्तक बंद करून. सापेक्ष आर्द्रता त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितली, कूलरचंच उदाहरण घेऊन. तरी पूर्ण पटलेलं दिसलं नाही.

१० जानेवारी, शनिवार

प्रश्नपत्रिकांची अदलाबदल. प्रत्येकाने दुसऱ्याची सोडवायची आणि ज्याने काढली त्याने तपासायची.

बर्फाचं तिसरं रूप दोघांनी पुन्हा उणे उत्तर काढून दिलं. तपासणारा मानेवाड्याचा होता, त्याने लाल पेनने फक्त ‘पाण्याकडे आहे का एवढी?’ असं लिहिलं. एक प्रश्न मात्र कुणालाच सुटला नाही: ‘होपच्या उपकरणात काय होतं ते सांगा.’ उत्तर कुणाला येत नव्हतं असं नाही. नेमकं काय विचारलंय तेच कळत नव्हतं. काढणाऱ्याच्या मनात होतं की खालचा तापमापी ४ अंशावर येऊन थांबतो आणि वरचा त्यानंतर ० पर्यंत जातो, त्याचं कारण द्या. प्रश्न असा झाला: ‘खालच्या तापमापीचं वाचन ४ अंशाखाली का जात नाही?’ लगेच सगळ्यांनी सोडवला. ज्या प्रश्नाला सगळे अडतात तो अवघडच असतो असं नाही. आधी त्याचं वाक्य तपासावं.

उरलेल्या वेळात फळ्यावर धड्याचे भाग लिहून प्रत्येक प्रश्न कोणकोणत्या भागांना लागतो त्याच्या रेषा ओढल्या. अप्रकट उष्म्याकडे सगळीकडून रेषा. दवबिंदू आणि आर्द्रता त्याला जोडलेले. विशिष्ट उष्माधारकता मिश्रणाच्या गणितांतून जोडलेली. पुनर्हिमायन मात्र एकटंच कोपऱ्यात. दाब वाढला की बर्फाचा द्रवणांक घटतो, दाब गेला की पाणी पुन्हा गोठतं, वजनं टांगलेली तार बर्फाच्या लादीतून आरपार जाते तो प्रयोग, संपलं. इतवारीची म्हणाली, मग हे कमी महत्त्वाचं. परीक्षेला नाही म्हटलं, शास्त्रीय कारणांत ते कधीही येऊ शकतं. परीक्षेला लागणारं आणि धडा समजायला लागणारं, या दोन याद्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. एक दुसरीच्या जागी ठेवली की घोळ होतो.

पण मग तिनेच तो कोपरा मोडला. साच्यातला ‘ऐवजी’ वापरून तिने विचारलं: धातूच्या तारेऐवजी नायलॉनची दोरी लावली तर? मी तिला घाईने उत्तर दिलं नाही, कारण यात बरंच दडलंय. दाबाने द्रवणांक फार थोडा घटतो, एका वातावरणाच्या दाबाला अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी, ०.००७५ अंश. तारेखाली बर्फ वितळतो तेव्हा त्याला ग्रॅममागे ८० कॅलरी लागतात. त्या कुठून येतात? तारेच्या वर पाणी पुन्हा गोठतं तेव्हा त्याच ८० कॅलरी बाहेर पडतात आणि धातूच्या तारेतून खाली पोचतात. नायलॉन उष्णतेचा मंद वाहक आहे, त्यामुळे वरची उष्णता खाली सहज पोचत नाही, आणि दोरी तितक्याच वजनाखाली तारेच्या मानाने खूप सावकाश सरकते. फळ्यावर पुनर्हिमायनापासून अप्रकट उष्म्याकडे रेषा तिनेच ओढली.

प्रयोग करून पाहायचा ठरलं. इतवारीतून पितळी तार मिळेल. बर्फाची लादी कोण आणतं यावर एकमत झालं नाही.

१७ जानेवारी, शनिवार

संक्रांतीचे पतंग अजून तारांवर अडकलेत, मुलांची बोटं मांज्याने कापलेली. गोधणीच्याने डाव्या हाताने लिहितो म्हणून कमी प्रश्न मागितले, दिले नाहीत.

आता दहावा धडा, ‘अवकाश मोहिमा’. इथे हीच पद्धत तशीच चालत नाही, हे पहिल्या तासालाच दिसलं. धड्यात मोहिमांची नावं, सालं, उपग्रहांचे प्रकार यांचा भरणा आहे, आणि त्यावर ‘ऐवजी’ लावून काही निघत नाही. ती माहिती पाठच करायची. त्यावर तिरके प्रश्न काढत बसणं म्हणजे वेळ घालवणं, असं मी स्पष्ट सांगितलं. पण मधलं एक पान वेगळं आहे: उपग्रहाची कक्षा, त्याचा क्रांतिक वेग आणि परिभ्रमण काळ. तेवढ्याच पानावर काम करायचं ठरलं.

मानेवाड्याच्याचा पहिला प्रश्न: ‘उपग्रह जास्त उंचीवर नेला तर त्याचा वेग वाढेल की घटेल?’ वर्गात मतं दोन. एकांचं म्हणणं, रॉकेटने वर न्यायला जास्त जोर लागतो, म्हणजे वेग जास्त. दुसऱ्यांनी सूत्र काढलं: वेग = √(GM / (R + h)), छेदात उंची h, म्हणून घटतो. सूत्रवाले बरोबर आहेत. पण रॉकेटवाल्यांचं म्हणणंही हवेतलं नाही, वर न्यायला ऊर्जा जास्त लागतेच. ती जाते गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढण्यात. हे दोन्ही एकाच उत्तरात कसं मांडायचं आणि त्याला गुण किती द्यायचे, हे पुढच्या शनिवारी. त्याला सांगितलंय, चुकीच्या पर्यायांत रॉकेटवालं उत्तर घाल, आणि आधी घरी दोघा-तिघांना विचारून ये.